विषय : विषय मिळण्याबाबत

पंडरी, रायपूर
रात्री साडेदहा, दुकानाचं शटर पडल्यावर

आदरणीय मॅडम,


विषयाची ओळ वाचून बाबा म्हणाले, "हे रेशनकार्ड मिळण्याबाबत लिहितात तसं वाटतंय." मी म्हटलं, परिस्थिती साधारण तशीच आहे. शेवटच्या सत्राचा प्रकल्प तोंडावर आलाय, आमच्या गटात चौघं आहेत आणि चौघांत मिळून एक विषय नाही. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मी तुम्हाला गाठलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिहून पाठव. तोंडी विषय सगळ्यांकडे असतात." म्हणून हे पत्र. मराठीत लिहितोय, कारण तुम्ही तसं बजावलं होतं. पण माझी मराठी पंडरीची आहे हे लक्षात घ्यावं. घरी मराठी, दुकानात हिंदी, गावाकडच्या गिऱ्हाइकाशी छत्तीसगढी आणि कॉलेजात इंग्रजी. चारही भाषांत विचार करून झालाय, विषय सुचत नाही.

खरं सांगायचं तर विषय एक होता. तो कसा मिळाला आणि कसा गेला, हे आधी सांगतो.

आमच्या वर्गात फार्माकॉलॉजीचा विषय काढायची एक रीत आहे. वहीच्या डाव्या बाजूला झाडांची नावं लिहायची, उजव्या बाजूला आजारांची. मग ज्या जोडीवर अजून कुणी काम केलेलं नाही ती जोडी शोधायची. अमक्या पानांचा मधुमेहावर परिणाम झालाय? मग सालीचा घ्या. सालीचाही झालाय? मग मुळाचा सुजेवर. शीर्षकाचा साचा सीनियर मुलांकडून वारसाहक्काने येतो. त्यात फक्त झाड, आजार आणि मुलांची नावं बदलायची. हे मी बाबांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी कापडाच्या थानावरून मान वर न करता विचारलं, "म्हणजे मॅचिंग सेंटर?" पंडरीच्या कपडा मार्केटात ज्यांची तीस वर्षं गेली, त्यांना एवढं कळायला पीएच.डी. लागत नाही. साडी एकीकडची, ब्लाउज पीस दुसरीकडचा, रंग जुळला की गिऱ्हाईक खूश. अंगाला बसतो का, हा प्रश्न शिंप्याचा.

आमची जोडी जुळली ती चरोटा आणि सूज अशी. चरोटा म्हणजे आपला टाकळा. आजी त्याला टाकळाच म्हणते, शेजारच्या काकी चरोटा भाजी म्हणतात, आणि पहिल्या पावसानंतर दोघी एकाच पिशवीतून वाटून घेतात. आमच्या दृष्टीने त्याचा सगळ्यात मोठा औषधी गुण म्हणजे तो फुकट मिळतो. रस्त्याकडेला, रुळांकडेला, कुठेही. आम्ही दोन पोती पाला आणला, गच्चीवर सावलीत वाळवला, दळला. मग वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे ओळख पटवून घ्यायला गेलो. म्हणजे लग्न लावून झाल्यावर पत्रिका बघायला. सरांनी पूड हातात घेतली, हुंगली आणि विचारलं, "शेंगा कुठे आहेत?"

शेंगा आम्ही आणल्याच नव्हत्या. तेव्हा कळलं की टाकळ्याच्या दिसायला अगदी सारख्या अशा दोन बहिणी आहेत, 'सेना टोरा' आणि 'सेना ऑब्ट्युसिफोलिया'. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतसुद्धा त्यांची बरीच वर्षं गल्लत होत आलीय. पानांच्या जोड्यांमध्ये ज्या बारीक ग्रंथी असतात त्या आणि शेंगेचा देठ यांवरून त्या ओळखायच्या. पूड झाली की दोघी सारख्याच. अख्खी फांदी फुला-शेंगांसकट दाबून, वाळवून, नंबर घालून संग्रहात ठेवलेली नसेल, तर उद्या कुणी विचारलं "तुम्ही नक्की काय दिलंत?" तर आमचं उत्तर "हिरवं काहीतरी" इतकंच.

ती पोती बाजूला ठेवून पुन्हा पाला आणला, या वेळी शेंगांसकट. अर्धा किलो पुडीतून अल्कोहोलमध्ये चाळीस ग्रॅम अर्क निघाला. काळा, चिकट, गुळाच्या काकवीसारखा. आता उंदराला किती द्यायचा? सीनियरने डोळे न उघडता सांगितलं, "दोनशे आणि चारशे." म्हणजे वजनाच्या दर किलोमागे दोनशे मिलिग्रॅम आणि चारशे मिलिग्रॅम. का? "सगळे तेच घेतात." मॅडम, मी ग्रंथालयातले जुने प्रकल्प चाळले. खरोखरच बहुतेक तेच घेतात. झाड कुठलंही असो, आजार कुठलाही असो, डोस दोनशे-चारशे. बाटाच्या चपलेची किंमत जशी नव्याण्णवने संपते, तसं.

एका रात्री मी हिशोब मांडला. उंदराचा डोस माणसाला लावायचा तर किलोला किलो लावून चालत नाही, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने बदलावा लागतो. विस्टार उंदराच्या आकड्याला साधारण सहा पूर्णांक दोनने भागलं की माणसाचा आकडा येतो. चारशे भागिले ६.२ म्हणजे सुमारे साडेचौसष्ट मिलिग्रॅम दर किलोला. साठ किलोचा माणूस धरला तर जवळजवळ ३.९ ग्रॅम अर्क. आमच्या अर्काचा उतारा आठ टक्के, म्हणजे तेवढ्या अर्काला अठ्ठेचाळीस ग्रॅम सुका पाला. ओल्या पाल्यात पाच भागांतले चार भाग पाणी धरलं, तर रोज पाव किलो हिरवा टाकळा.

मी आजीला विचारलं, "एका माणसाला रोज पाव किलो टाकळा जास्त होतो का?"

आजी म्हणाली, "एका माणसाला? निवडून, शिजवून वाटीभर होतो. पण रोज कोण खाईल? आणि कशाला?"

"सूज उतरते का बघायची आहे."

आजीने पदर सावरून पाय पुढे केला. गुडघा नारळाएवढा. "साठ वर्षं दर पावसाळ्यात खातेय. बघ."

हा पुरावा एका माणसाचा आहे, याला तुलना नाही, आणि आजी भाजी उकळून पाणी टाकून देते तर आम्ही अल्कोहोलमध्ये अर्क काढतो. दोन्हींत उतरणारे पदार्थ वेगळे. हे सगळं मला माहीत आहे. तरीही आमच्या प्रस्तावातल्या 'पारंपरिक वापर' या परिच्छेदाला तो गुडघा चांगलाच लागला. मग मी जुन्या पुस्तकांत बघितलं तर टाकळ्याचं संस्कृत नावच 'दद्रुघ्न' निघालं, म्हणजे गजकर्ण घालवणारा. पूर्वजांनी झाडाच्या नावातच विषय लिहून ठेवला होता आणि आम्ही तो सोडून सुजेशी मॅचिंग केलं.

दरम्यान, दुसऱ्या एका संस्थेत सुजेचा प्रयोग उंदरांवर प्रत्यक्ष चालतो तो आम्ही बघून आलो. तुम्ही तो शेकडो वेळा केला असेल, पण मी पहिल्यांदाच बघत होतो. उंदराला आधी तोंडावाटे औषध देतात. तासाभराने मागच्या पंजाच्या तळव्यात कॅराजीननचं एक टक्क्याचं द्रावण टोचतात, एक मिलिलिटरचा दहावा भाग. कॅराजीनन म्हणजे लाल समुद्रशेवाळातला पदार्थ, जो आइस्क्रीम घट्ट करायलाही वापरतात. आइस्क्रीममध्ये तो गुणी, पंजात गेला की पंजा वडापावच्या पावासारखा फुगतो. दर तासाला तो पंजा पाण्याच्या नळीत बुडवून पाणी किती वर चढलं ते मोजायचं. पहिल्या तासाची सूज हिस्टामिन आणि सिरोटोनिनमुळे येते, तिसऱ्या-चौथ्या तासाची मुख्यतः प्रोस्टाग्लँडिनमुळे. इंडोमेथासिनसारखी वेदनाशामकं या दुसऱ्या सुजेवर काम करतात, कारण ती प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावरच गाडी वळणार आहे.

माझं लक्ष मात्र घोट्यावरच्या खुणेकडे होतं. पंजा कुठपर्यंत बुडवायचा याची स्केचपेनने घोट्यावर रेघ मारलेली असते. पंजा रेघेच्या जरासा वर गेला तर आकडा वाढतो, जरासा खाली राहिला तर घटतो. आणि मोजायचा असतो तो फरक केवढा? न सुजलेल्या आणि सुजलेल्या पंजात पाऊण-एक मिलिलिटरचा. समजा नुसत्या कॅराजीननच्या गटात सूज सरासरी ०.८० मिलिलिटर आली आणि अर्काच्या गटात ०.५२, तर आपण म्हणणार पस्तीस टक्के सूज कमी झाली. पण हे ०.२८ मिलिलिटर अर्काचं कर्तृत्व की मोजणाऱ्याच्या मनगटाचं? ज्या मुलाने तीन महिने पाला वाळवलाय, तोच पंजा बुडवत असेल आणि कुठला उंदीर कुठल्या गटातला हे त्याला ठाऊक असेल, तर मनगट आपोआप दयाळू होतं.

हे मी घरी सांगितलं तर बाबांना त्यात काही नवल वाटलं नाही. सुरतेहून नवीन व्यापाऱ्याचा माल आला की ते रंग पक्का आहे का बघतात. कसा, ते मी वीस वर्षं रोज बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं. नव्या कापडाचा एक तुकडा, जुन्या भरवशाच्या कापडाचा एक तुकडा. तोच साबण, तेच पाणी, तोच वेळ. वेगवेगळ्या दिवशी धुतलं तर व्यापारी म्हणणार, त्या दिवशी तुमचं पाणी खारं होतं. मग दोन्ही वाळले की ते दुकानातल्या सर्वांत जुन्या नोकराला बोलावतात आणि कुठला तुकडा कुणाचा हे न सांगता विचारतात, "यातला कुठला उतरला?" मी विचारलं, तुम्ही स्वतःच का नाही बघत? बाबा म्हणाले, "मी पैसे दिलेत ना. मला तो चांगलाच दिसणार."

मॅडम, आमच्या पाठ्यपुस्तकात याला दोन पानं आहेत आणि तरी आमच्या वर्गात ते कुणाला कळलेलं नाही.

बाबांनी आणखी एक शंका काढली. गटात उंदीर कसे वाटणार? मी म्हटलं, पिंजऱ्यात हात घालून पहिले सहा एका गटात, पुढचे सहा दुसऱ्या. ते म्हणाले, "गठ्ठ्यात वरचे तुकडे नेहमी वेगळे असतात." बरोबर आहे. हातात आधी सापडतो तो सुस्त उंदीर, शेवटी सापडतो तो चपळ. म्हणून चिठ्ठ्या टाकूनच वाटले पाहिजेत.

आणि सहाच का? हे तर मलाही माहीत नव्हतं. प्राण्यांवरचा प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडे 'फॉर्म बी' भरावा लागतो. त्यात इतकेच प्राणी का, याचं कारण द्यावं लागतं. 'सीनियरने घेतले होते' हे कारण त्यात बसत नाही. एक सोपा हिशोब सापडला. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करायची, उत्तर दहा ते वीसच्या मध्ये आलं पाहिजे. दहाच्या खाली आलं तर प्रयोगातून काही कळणार नाही, विसाच्या वर गेलं तर उंदीर उगाच खर्ची पडतील. आमचे पाच गट, प्रत्येकी सहा, एकूण तीस. तीस वजा पाच, पंचवीस. प्रत्येकी पाच घेतले तर पंचवीस वजा पाच, वीस. म्हणजे प्रत्येक गटात एक उंदीर केवळ परंपरेपोटी पंजा सुजवून घेणार होता. जाता जाता हेही मोजलं की त्या पंचवीस उंदरांपैकी दोनशे आणि चारशेच्या दोन गटांना एका वेळच्या डोससाठी सगळा मिळून सहाशे मिलिग्रॅम अर्क लागतो. आमच्याकडे चाळीस ग्रॅम आहे. सध्या तो आमच्या फ्रिजमध्ये आहे आणि आईने त्यावर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी लावलीय.

शेवटी हा विषय गेला तो या कुठल्याच कारणाने नाही. आमच्या कॉलेजच्या प्राणिगृहाची नोंदणी नाही, हे आम्हाला पाला वाळवून झाल्यावर कळलं. दुसऱ्या संस्थेच्या समितीपुढे जायचं तर तिची बैठक कधी होईल ते सांगता येत नाही. मंजुरी मिळाली तरी उंदीर आणायचे, आठवडाभर त्यांना नव्या जागेत रुळू द्यायचे. सत्र सहा महिन्यांचं, त्यातला दीड महिना आम्ही टाकळ्याच्या बहिणी ओळखण्यात घालवला.

निराश होऊन ग्रंथालयात बसलो होतो, तेव्हा गुग्गुळाची गोष्ट हाती लागली. तुम्हाला ती पाठ असणार, पण विषय निवडायच्या दृष्टीने मी ती पहिल्यांदा वाचली. जी. व्ही. सत्यवती या बनारस हिंदू विद्यापीठात शिकत होत्या. त्यांनी झाड आणि आजार वेगवेगळ्या रकान्यांतून उचलले नाहीत. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचं वर्णन आहे, मेद वाढल्यावर काय काय होतं त्याचं. ते वर्णन आजच्या रक्तातल्या चरबीच्या आणि धमन्या कठीण होण्याच्या विकाराशी जुळतं का, आणि जुळत असेल तर तिथे सांगितलेला गुग्गुळ खरंच काम करतो का, हा त्यांचा प्रश्न. सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांनी तो तपासला आणि १९६६ साली प्रबंध दिला. गुग्गुळाने सशांचं कोलेस्टेरॉल उतरलं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतून गुगुलिपिड हे औषध आलं, आणि सत्यवती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

इथवर गोष्ट आमच्या सरांनी वर्गात सांगितली होती. पुढची सांगितली नव्हती. अमेरिकेत १०३ माणसांवर आठ आठवडे गुगुलिपिडची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००३ साली छापून आले. कुणाला गुगुलिपिड, कुणाला नुसती दिसायला तशी गोळी, कुणाला काय मिळतंय ते गुपित. वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी गुगुलिपिडवाल्यांचं थोडं वाढलं, काहींच्या अंगावर पुरळ आलं. तिथली माणसं, तिथला आहार, डोस, अर्क, यांवर वाद घालायला जागा आहे आणि लोक घालतातही. मला त्यात भावलं ते वेगळंच. प्रश्न असा होता की त्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकत होतं, आणि एकदा तसं आलंही. आमच्या चरोट्याला 'नाही' म्हणायची सोयच नव्हती. मी बघितलेल्या जुन्या प्रकल्पांपैकी एकाही झाडाने कधी 'मला जमणार नाही' म्हटलेलं नाही. इतकी आज्ञाधारक झाडं फक्त फार्मसी कॉलेजांच्या आवारात उगवतात.

आता गाडी वळते.

बाबांना सहा वर्षांपासून ब्लडप्रेशर आहे. टेल्मिसार्टन चाळीस चालू होती. गेल्या दिवाळीनंतर प्रेशर १४८ वर ९४ झालं. डॉक्टरांनी गोळी ऐंशीची केली. महिन्याने १४६. आई म्हणाली लोणचं, बाबा म्हणाले जीएसटी. एके दिवशी मी त्यांच्या शर्टाच्या खिशात सुट्टे पैसे शोधत होतो आणि हाताला गोळ्यांची कापलेली पट्टी लागली. दोनच गोळ्या, कात्रीने कापलेल्या, मागे चंदेरी कागदावर नावाचं फक्त शेपूट, '…नॅक'. नावाचं डोकं दुकानात राहिलेल्या पट्टीवर.

डायक्लोफेनॅक होती. दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं, थान उतरवायला उठायचं, पुन्हा बसायचं. बाजारातल्या निम्म्या लोकांचे गुडघे दुखतात. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून रोज दोन गोळ्या यायच्या, आठ महिने. मी विचारलं, डॉक्टरांना का नाही सांगितलंत? बाबा म्हणाले, "ते बीपीचे डॉक्टर. त्यांना गुडघ्याचं काय सांगायचं? सूटिंगच्या दुकानात जाऊन साड्यांचे भाव विचारतो का आपण?"

मॅडम, तेव्हा मला तो उंदराचा पंजा आठवला. जे प्रोस्टाग्लँडिन पंजा सुजवतं, तेच मूत्रपिंडात मीठ आणि पाणी बाहेर टाकायला मदत करतं. वेदनाशामक गोळीला पंजा आणि मूत्रपिंड यांतला फरक कळत नाही, ती दोन्हीकडचं उत्पादन बंद पाडते. गुडघा शांत होतो, मीठ-पाणी अंगात राहतं, प्रेशर चढतं. सरासरी बघितली तर पाच मिलिमीटरच्या आसपास, पण कुणाला काहीच नाही तर कुणाला बरंच. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांचा आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा जोर याने कमी होतो, ॲम्लोडिपिनचा त्या मानाने कमी. आणि टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तीनही एकत्र आली तर मूत्रपिंडालाच धोका.

डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी डायक्लोफेनॅक बंद केली, गुडघ्याला व्यायाम आणि लावायचं मलम दिलं. आता प्रेशर १३४ वर ८४ आहे. हे गोळी बंद केल्याने झालं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. त्याच महिन्यात आईने लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली आणि लग्नसराई संपली. बाबांचा तुलनेचा तुकडा माझ्याकडे नाही.

पण प्रश्न मिळाला. पंडरी बाजारात जे लोक प्रेशरची गोळी घेतात, त्यांपैकी किती जण सोबत वेदनाशामक घेतात, कुठली, किती दिवस, कुणाच्या सांगण्यावरून, आणि डॉक्टरांना ते माहीत आहे का? उत्तर 'फारसं कुणी नाही' असंही येऊ शकतं. मग तसं लिहीन.

किती लोकांना विचारायचं, तेही काढलं. प्रमाण माहीत नाही म्हणून निम्मं धरलं, दहा टक्के इकडे-तिकडे चालेल असं मानलं, तर शहाण्णव माणसं लागतात. काही नकार देतील म्हणून एकशे दहा. ही माणसं आहेत, उंदीर नाहीत, तेव्हा समिती वेगळी, माहिती देऊन घेतलेली लेखी संमती वेगळी, आणि नाव-गाव कागदावर येणार नाही.

चाचणी म्हणून पाच ओळखीच्या लोकांना विचारून बघितलं आणि पाचही ठिकाणी फसलो. लोकांना गोळीचं नाव माहीत नसतं, रंग माहीत असतो. "पिवळी. सकाळची." वेदनाशामक विचारलं तर "नाही, आम्ही दवा घेत नाही" म्हणतात, कारण ती त्यांच्या लेखी दवाच नाही, चहासारखी रोजची गोष्ट. एका काकांनी सांगितलं, "माड़ी पिराथे." मी मराठी माणूस, 'मांडी दुखते' लिहून मोकळा झालो. छत्तीसगढीत माड़ी म्हणजे गुडघा. माझ्या प्रश्नावलीतल्या पाचातल्या एकाचा गुडघा अशा रीतीने वीतभर वर सरकला.

म्हणून आता तोंडी विचारायचं नाही असं ठरवलंय. सांगायचं, घरात जेवढ्या गोळ्या, मलमं, पुड्या असतील तेवढ्या एका थैलीत घालून आणा. पंडरीत कापडी थैली नाही असं घर नाही. थैली टेबलावर रिकामी करायची आणि एकेक उचलून विचारायचं, ही कशाची, कधीपासून. कापलेल्या पट्ट्यांचं काय करायचं, तेवढं मला कळत नाही. दुकानदाराकडे गोळी नेऊन ओळखता येईल, पण दुकानदार म्हणेल मी दिलीच नाही.

तेव्हा माझ्या शंका अशा आहेत. हे फार्माकॉलॉजीत बसेल, की आमचे सर 'हे तर सर्वेक्षण झालं' म्हणून परत पाठवतील? ज्यांच्या थैलीत दोन्ही गोळ्या सापडतील त्यांचं प्रेशर मोजायचं मला फार मनात आहे. पण एकदाच मोजून काय कळणार? वेदनेनेही प्रेशर वाढतं, आणि वेदना असणारेच गोळी घेतात. कोण कुणामुळे, हे एका दिवशीच्या आकड्यावरून सुटायचं नाही. मग मोजूच नये, की मोजून त्याबद्दल गप्प बसावं? आणि एखाद्या थैलीत त्या तिन्ही गोळ्या एकत्र सापडल्या तर मी काय म्हणायचं? गोळी बंद करा असं सांगायचा मला अधिकार नाही, आणि नुसतं लिहून घेऊन थैली परत करणं मला जमणार नाही. 'ही थैली अशीच्या अशी तुमच्या डॉक्टरांना दाखवा' एवढी एक छापील चिठ्ठी द्यावी असं वाटतं. पुढच्या शनिवारी तुम्हाला वेळ असेल तर प्रश्नावली घेऊन येतो.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
(नाव विषय नक्की झाल्यावर कळवतो. गटातल्या बाकी तिघांचा अजून चरोट्यावर जीव आहे.)

ता. क. बाबांनी काल रात्री स्वतःची थैली भरून माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, "पहिला नंबर माझा." मी सांगितलं, तुम्हाला घेता येणार नाही, तुमचं उत्तर मला आधीच माहीत आहे आणि ते तसंच यावं असं मला वाटतं. बाबा क्षणभर गप्प झाले. मग थैली उचलत म्हणाले, "बरोबर आहे. पण मग त्या औषधाच्या दुकानवाल्याला घे. त्याचेही गुडघे दुखतात."

ता. क. २. चाळीस ग्रॅम अर्काचं काय करायचं तेही कळवावं. आईला फ्रिजचा तो कप्पा हवा आहे.